ऑफिसमध्ये एकाच मापाचे डझनभर माउस? माझं मत: घेऊ नका!



चपला घ्यायला गेलो की आपण नंबर सांगतो. सात नंबरवाल्याला कोणी दहा नंबरची चप्पल दिली आणि म्हणालं, "घ्या साहेब, कंपनी चांगली आहे," तर आपण घेणार नाही. पण ऑफिससाठी माउस घेताना आपण नेमकं हेच करतो. सप्लायरला फोन जातो, "वायरलेस माउस बारा नग पाठव." बारा एकसारखे बॉक्स येतात. मग सहा फुटी डिस्पॅचवाल्या दादांच्या हातात आणि पाच फुटी अकाउंटंट ताईंच्या हातात एकच वस्तू पडते. दोघंही ती दिवसाला आठ तास धरतात.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी माउस धरण्याच्या तीन पद्धती दाखवल्या. ब्लॉगमध्ये मला त्यापुढचं बोलायचंय. माझं मत सरळ आहे. आधी हात मोजा, मग माउस निवडा, आणि पकड कोणती आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी हे उलटं सांगतात. तिथे पहिला प्रश्न असतो, "तुमची ग्रिप कोणती?" तो प्रश्न ऑफिससाठी पहिला का नसावा, ते आता बघू.

तीन पकडी, थोडक्यात

व्हिडिओ बघितला नसेल त्यांच्यासाठी आधी नावं समजून घेऊ.

पहिली पाम ग्रिप. यात अख्खा तळहात माउसच्या पाठीवर टेकलेला असतो आणि बोटं बटणांवर सपाट पडलेली असतात. माउस हलवताना मनगट आणि कोपरापुढचा हात काम करतो. ऑफिसमध्ये ही पकड सगळ्यात जास्त दिसते, कारण हाताला टेकायला जागा मिळते.

दुसरी क्लॉ ग्रिप. यात तळहाताचा फक्त मागचा भाग, म्हणजे मनगटाजवळची गादी, माउसच्या मागच्या टोकाला टेकते. बोटं कमानीसारखी वर उचललेली असतात आणि क्लिक बोटांच्या टोकांनी होतं. मांजर पंजा रोवते तसा हात दिसतो.

तिसरी फिंगरटिप ग्रिप. यात तळहात माउसला लागतच नाही. अंगठा, करंगळी आणि मधली बोटं, यांची फक्त टोकं माउसला धरतात. माउस बोटांनीच पुढेमागे सरकतो. बारीक काम करणाऱ्यांना ही पकड आवडते, पण तळहात अधांतरी राहतो.

तिन्हींपैकी कोणतीही चूक नाही. "पाम ग्रिपच बरोबर, बाकी सगळं वाईट" असं कोणी सांगत असेल तर कानाडोळा करा. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या ऑफिसमधल्या कितीतरी लोकांची आजची पकड त्यांची स्वतःची नाहीच. हातातल्या माउसने ती त्यांना शिकवलेली आहे.

माउस पकड कशी बदलतो?

समजा हात लहान आहे आणि माउस मोठा. तळहात टेकवला तर बोटं बटणाच्या पुढच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. आता इथे एक यांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. माउसचं बटण हे एका बाजूने अडकवलेल्या झाकणासारखं असतं. पुढच्या टोकाला दाबलं तर ते हलकं जातं. जसजसं मागे, म्हणजे झाकण जिथे अडकवलंय तिथे दाबू, तसतसा जोर जास्त लागतो. दार कडीजवळ ढकललं तर सहज हलतं आणि बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, तसंच हे. लहान हाताचं बोट मोठ्या माउसवर बटणाच्या मध्यावर किंवा त्याहून मागे पडतं, आणि प्रत्येक क्लिकला जास्त जोर द्यावा लागतो.

हे टाळायला माणूस नकळत हात पुढे सरकवतो. मग तळहात माउसच्या उंचवट्यावर बसत नाही, तो हवेत जातो. लांबून बघणारा म्हणेल, "अरे वा, फिंगरटिप ग्रिप!" पण ती आवड नसते, ती अडचण असते. तळहात अधांतरी धरून ठेवायला कोपरापुढचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. संध्याकाळी दुखतो तो हाताचा वरचा भाग, आणि संशय जातो खुर्चीवर.

आता उलट बघा. हात मोठा, माउस बारका, लॅपटॉपच्या बॅगेत जाणारा. तळहात माउसच्या मागून बाहेर निघतो आणि मनगट थेट टेबलावर टेकतं. बोटं सपाट ठेवली तर ती माउसच्या पुढे लोंबतात, म्हणून ती आखडून कमान करतात. झाली "क्लॉ ग्रिप". इथेही माणसाने काही निवडलेलं नाही. टेकवलेलं मनगट हा एका जागी रोवलेला खुंटा होतो आणि माउस त्याच्याभोवती डावी-उजवीकडे फिरतो. हाताला कोपरातून हलायला वावच राहत नाही.

म्हणून मी म्हणतो की "तुमची ग्रिप कोणती?" हे आधी विचारलं तर उत्तर चुकीचं येण्याची शक्यता मोठी. मोठ्या माउसने लहान हाताला फिंगरटिप शिकवली, त्यावरून आपण फिंगरटिपचा माउस घेणार! आधी हाताच्या मापाचा माउस द्या, आठवडाभर वापरू द्या, आणि मग बघा हात आपोआप कसा बसतो. ती खरी पकड.

हात मोजायचा कसा?

मुलांच्या दप्तरातली पंधरा सेंटिमीटरची पट्टी पुरणार नाही, तीस सेंटिमीटरची घ्या. ज्या हाताने माउस वापरता तो हात टेबलावर उताणा ठेवा, बोटं जुळलेली आणि सरळ. मनगटावर आडव्या रेषा दिसतील. त्यातली तळहाताला सगळ्यात जवळची रेषा धरा. तिथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. नख वाढलं असेल तर नख धरायचं नाही. ही हाताची लांबी.

ढोबळ मानाने १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, १७ ते १९ च्या आसपास मध्यम, आणि त्यापुढे मोठा. या काही सरकारी सीमारेषा नाहीत. १७.२ आलं म्हणून काळजी करू नका.

आता गेमिंगवाल्या मंडळींनी वापरात आणलेला एक आडाखा आपल्याला उपयोगी पडतो. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असावी. हात १८ सेंटिमीटर असेल तर माउस १०.८ सेंटिमीटरच्या आसपास. पाम ग्रिपला याहून थोडा लांब चालतो, कारण तळहाताला टेकायला पाठ हवी. फिंगरटिपला थोडा आखूड चालतो, कारण मागचा भाग तसाही वापरात नसतो. क्लॉ या दोघांच्या मध्ये.

हाच आडाखा रुंदीलाही लावतात, हाताच्या रुंदीच्या ६० टक्के. तो मात्र मी वापरत नाही, आणि तुम्हीही त्याच्या मागे लागू नका असं सांगेन. कारण साधं आहे. बॉक्सवर जी रुंदी छापलेली असते ती माउसच्या सगळ्यात रुंद जागेची असते. आपण धरतो ती जागा, म्हणजे अंगठा आणि अनामिका जिथे दाबतात ती कंबर, बहुतेक माउसमध्ये त्याहून अरुंद असते. छापील आकड्यावरून ती कळत नाही. त्यापेक्षा माउस अंगठा आणि अनामिकेत धरून टेबलावरून किंचित उचला. सहज उचलला गेला आणि करंगळी जमिनीवर घासत राहिली नाही, तर रुंदी ठीक. उचलताना चिमटा काढल्यासारखा जोर लागला तर माउस तुमच्या हाताला रुंद आहे, किंवा फार जड आहे.

तिसरं माप उंचीचं, आणि हे लोक हमखास विसरतात. लांबी बरोबर असूनही चपटा माउस मोठ्या हाताला पोकळ लागतो, कारण तळहाताच्या खळग्यात काहीच भरत नाही. उदाहरण घ्या. लॉजिटेकचा पेबल एम३५० आणि त्याच कंपनीचा एम१८५ हे दोन्ही आपल्याकडे सर्रास दिसतात. पेबल सुमारे १०७ मिलिमीटर लांब आहे, पण उंची फक्त २६-२७ मिलिमीटर. एम१८५ त्याहून आखूड आहे, ९९ मिलिमीटर, पण उंची ३९ च्या आसपास. कागदावर पेबल "मोठा" आहे, पण हाताला भरीव लागतो तो एम१८५. म्हणून फक्त लांबी बघून ऑर्डर देऊ नका.

एक खरं ऑफिस, तीन हात

माझ्या एका बॅचमधल्या ताई सांगलीत कर सल्लागाराचं छोटं ऑफिस चालवतात. त्यांच्याकडे तीन कॉम्प्युटर, तीन माणसं. त्यांचा प्रश्न होता, "सर, आमच्या अकाउंटंटचा हात दुखतो. चांगला अर्गोनॉमिक माउस घेऊन दिलाय, तरी दुखतो. आता व्हर्टिकल घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, आधी तिघांचे हात मोजून पाठवा, आणि तिघांच्या माउसची लांबी. खरेदी नंतर."

आकडे आले. अकाउंटंट मुलीचा हात १६.२ सेंटिमीटर. तिच्याकडे होता उजव्या हातासाठी वळणदार बनवलेला, अंगठ्याला खाच असलेला, साडेबारा सेंटिमीटर लांब आणि चांगला उंच माउस. दिवाळीला मुद्दाम तिच्यासाठी घेतलेला, किंमतही चांगली. हिशोब करा. १६.२ चे ६० टक्के म्हणजे ९.७. तिच्या हातात होता १२.५ चा, म्हणजे हाताच्या लांबीच्या ७७ टक्के. पाऊण हाताएवढा माउस!

ताईंच्या यजमानांचा हात २०.३ सेंटिमीटर. ते कॅम्पात आणि क्लायंटकडे फिरतात, म्हणून लॅपटॉपबरोबर साधा ९.९ सेंटिमीटरचा माउस. त्यांना लागायला हवा १२.२ च्या आसपास. होता हाताच्या लांबीच्या जेमतेम निम्मा.

तिसरा मुलगा स्कॅनिंग आणि डेटा एंट्रीचा. हात १८.१, माउस ११.३ सेंटिमीटरचा वायरवाला. ६२ टक्के. त्याची काही तक्रार नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

उपाय तुमच्या लक्षात आलाच असेल. मी सांगितलं, पहिल्या दोघांचे माउस अदलाबदल करा. खर्च शून्य.

आठवड्याने मी फोटो मागवले. यजमानांचा हात मोठ्या माउसवर पूर्ण टेकलेला, म्हणजे पाम ग्रिप. आधीच्या फोटोत त्यांची बोटं आखडलेली होती. अकाउंटंट मुलगी आधी मोठा माउस बोटांच्या टोकांनी ढकलत होती. लहान माउसवर तिचा तळहात खाली आला आणि मागच्या टोकाला टेकला, बोटांची हलकी कमान. म्हणजे तिची खरी पकड क्लॉकडे झुकणारी. आधीचा फोटो बघून मी फिंगरटिपचा माउस सुचवला असता तर एक नग उगाच खरेदी झाला असता.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि हा भाग महत्त्वाचा आहे. त्या मुलीचा हात कमी दुखायला लागला, पण थांबला नाही. खांद्याची ओढ राहिली. कारण तिचा कीबोर्ड. नंबरपॅडवाला पूर्ण आकाराचा कीबोर्ड साधारण ४४-४५ सेंटिमीटर रुंद असतो. टॅलीत आकडे भरायला ती नंबरपॅड वापरते, म्हणून तो काढता येत नाही. पण तिच्या टेबलावर कीबोर्डच्या उजवीकडे आधी पंचिंग मशीन, मग कॅलक्युलेटर, आणि त्यापलीकडे माउस! प्रत्येक वेळी हात बाहेर लांबवायचा. त्या वस्तू डावीकडे गेल्या आणि माउस कीबोर्डला चिकटून आला, तेव्हा खांद्याला आराम पडला. माउसचं माप खांद्याचं दुखणं बरं करत नाही. प्रत्येक दुखण्याला माउस जबाबदार धरू नका.

जुना माउसच सांगतो

तुमच्या ऑफिसमध्ये माप चुकलंय की नाही हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. सहा महिने वापरलेला माउस उजेडात तिरपा धरून बघा. जिथे बोटं आणि तळहात घासतात तिथे प्लॅस्टिक गुळगुळीत होऊन चमकतं, किंवा मळ बसतो.

पाठीवर मधोमध चमक असेल तर तळहात टेकतोय. चमक फक्त मागच्या कडेला असेल तर क्लॉ. पाठ नव्यासारखी खडबडीत आणि चमक फक्त बाजूंना आणि बटणांवर, तर तळहात कधी टेकलाच नाही. हे त्या माणसाच्या आवडीने झालंय की मोठ्या मापामुळे, ते हात मोजून ठरवा.

आता बटणं बघा. चमक पुढच्या टोकाशी असेल तर उत्तम. ती बटणाच्या मध्यावर किंवा चाकाच्याही मागे असेल तर बोटं पोचत नाहीयेत, माउस लांब आहे. आणि चमक अगदी पुढच्या कडेवर असेल, कडा झिजलेली असेल, तर बोटं बाहेर लोंबतायत, माउस आखूड आहे. कोणाला काही विचारायची गरज नाही, सगळा पुरावा टेबलावरच असतो.

माणसाकडे बघूनही कळतं. क्लिक करताना अख्खा माउस किंचित सरकत असेल, आणि त्यामुळे जीएसटी पोर्टलवर चुकीच्या चौकटीत टिक पडत असेल, तर बटणाला जास्त जोर लागतोय. चाक फिरवताना कोणी पकड सोडून हात पुढे नेत असेल तर माउस लांब आहे. करंगळी टेबलावर घासून तिच्या कडेला काळपट डाग पडत असेल तर करंगळीला जागा नाही.

"सर, पण प्रत्येकाला वेगळा माउस परवडतो का?"

हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो रास्त आहे. एकाच मॉडेलचे नग घेतले की भाव कमी पडतो, वॉरंटीचा हिशोब सोपा राहतो, एक बिघडला की दुसरा लावता येतो. छोट्या धंद्यात हे फायदे सोडून द्या असं मी म्हणणार नाही.

पण मी प्रत्येकाला वेगळं मॉडेल घ्या असं म्हणतच नाहीये. दोन मापं ठेवा, बस. साधारण १० सेंटिमीटरचा एक आणि साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरचा एक. बहुतेक ऑफिसमधले बहुतेक हात या दोन्हींत बसतात. काही मॉडेल तर मुळातच दोन मापांत येतात. लॉजिटेकचा एम६५० लहान-मध्यम आणि मोठा अशा दोन आकारांत मिळतो, आणि मोठ्या आकारात डावखुऱ्यांसाठीही वेगळा आहे. म्हणजे "एकच मॉडेल" हा आग्रह ठेवूनही माप बदलता येतं. ज्यांच्याकडे डावखुरा कर्मचारी आहे त्यांनी वळणदार माउस घेण्याआधी हे नक्की बघा. उजव्या हाताच्या वळणाचा माउस डाव्या हाताला कोणत्याच मापात बसत नाही.

खर्चाबद्दल माझं दुसरं मत थोडं कडक आहे. बारक्या हातासाठी महागडा "अर्गोनॉमिक" माउस घेण्यापेक्षा मापाचा साधा माउस घ्या. तो शब्द आकाराचं वळण सांगतो, तुमच्या हाताचं माप नाही. लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस बघा. चांगला माउस आहे, लोक त्याचं कौतुक करतात ते उगाच नाही. पण तो सुमारे १२५ मिलिमीटर लांब, ८४ रुंद, ५१ उंच आणि १४१ ग्रॅम वजनाचा आहे. १९-२० सेंटिमीटरच्या हाताला तो गादीसारखा लागेल. १६ सेंटिमीटरच्या हाताला तो ओझं आहे, किंमत कितीही असो.

वजनावरून एक गोष्ट. वायरलेस माउसमध्ये एक डबल-ए सेल म्हणजे साधारण २३ ग्रॅम. ट्रिपल-ए सेल त्याच्या निम्मा. तळहात टेकवून काम करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, कारण तो माउस सरकवतो, उचलत नाही. पण फ्लेक्स-बॅनरचं डिझाइन करणारा, बोटांच्या टोकांनी माउस धरणारा पोरगा दिवसातून शेकडो वेळा तो उचलून मागे आणतो. त्याला हलका माउस द्या, किंवा सरळ वायरवाला द्या. वायरवाल्यात सेलच नाही.

घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

दुकानात बहुतेक वेळा बॉक्स फोडून दाखवत नाहीत, आणि ऑनलाइन तर प्रश्नच नाही. म्हणून घरी एक करा. मॉडेलची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये बघा, तेवढा चौकोन कागदावर काढा, आणि माउस धरल्यासारखा हात त्यावर ठेवा. तळहाताची गादी चौकोनाच्या मागच्या कडेला ठेवा, बोटं थोडी वाकवा. पहिल्या दोन बोटांची टोकं पुढच्या कडेच्या किंचित आत पडायला हवीत. ती कडेपासून दोन बोटं मागे राहिली तर मॉडेल लांब. कडेबाहेर गेली तर आखूड. उंची यातून कळत नाही, ती आकड्यावरून बघा. मोठ्या हाताला ३८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, असं मी सुचवेन.

नवा माउस आला की पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. जुन्या मापाची सवय झालेली असते, त्यामुळे योग्य माउसही तीन-चार दिवस विचित्र वाटतो. आणि माउस बदलला की पॉइंटरचा वेगही बदलतो, तो जुळवून घ्या. विंडोजमध्ये Win + R दाबा आणि हे टाइप करा:

```
main.cpl
```

उघडलेल्या खिडकीत `Pointer Options` या टॅबवर वेगाची पट्टी आहे. हात साधारण तळहाताच्या रुंदीएवढा सरकवला की पॉइंटर स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईल, इतका वेग बहुतेकांना सोयीचा पडतो. वेग फार कमी असेल तर लहान हाताला माउस पुन्हा पुन्हा उचलावा लागतो आणि मापाचा माउस घेऊनही हात थकतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. मनगटाची गादी सैल आहे का, बोटं बटणाच्या पुढच्या भागावर आहेत का, संध्याकाळी हात झटकायची सवय कमी झाली का. तक्रार तशीच असेल तर टेबलाची उंची आणि कीबोर्डची जागा तपासा. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील, रात्री त्यामुळे झोप मोडत असेल, वस्तू हातातून निसटत असतील, तर तो माउसचा विषय राहिलेला नाही. मनगटातली नस दबत असू शकते. तिथे नवीन माउस मागवत बसू नका, डॉक्टरकडे पाठवा.

शेवटी एक काम देतो. उद्या ऑफिस उघडलं की चहाच्या वेळेला एक पट्टी घ्या, सगळ्यांचे हात मोजा आणि शेजारी त्यांच्या माउसची लांबी लिहा. माउस भागिले हात, गुणिले शंभर. ५५ ते ६५ च्या मध्ये असेल तर हात लावू नका, चाललंय ते चालू द्या. ७० च्या वर आणि ५० च्या खाली आलेली नावं गोल करा. एका वरच्या आणि एका खालच्या नावाची अदलाबदल जमते का ते आधी बघा, आणि मगच सप्लायरला फोन लावा.